कथा : मुक्कामी

पाणंदवाट (धागाकर्ती)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी कथा लिहिली आहे. दोन ठिकाणी अडले आहे, ते शेवटी विचारते. आधी कथा.

आप्पांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पावणेपाचला जाग यायचीच. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर एकवीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला गजराची गरज नसते. मालतीबाई गेल्यापासून चहा एकच कप. मुलगी पुण्याला असते, रविवारी तिचा फोन येतो. "जेवलात का?" "जेवलो." "तब्येत?" "बरी आहे." चार मिनिटं. आप्पा मुद्दाम मोजत नसत, पण गाडी फलाटावर किती वेळ थांबली हे त्यांना न बघता कळायचं, तसंच हे.

मंगळवार पेठेतून निघायचं, समर्थ मंदिरावरून बोगद्यापर्यंत चालायचं, बोगदा ओलांडून पलीकडच्या पहिल्या वळणाशी उभं राहायचं आणि मागं फिरायचं. या बोगद्यातून सज्जनगडाच्या आणि ठोसेघरच्या किती गाड्या आपण सोडल्या, याचा हिशोब कधी कधी त्यांच्या मनात चालू व्हायचा. मग तो तसाच सुटायचा.

दिवाळीनंतर एक कुत्रा मागून येऊ लागला. तांबूस, छातीवर पांढरा पट्टा, डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर तो रात्र काढायचा. पहिले काही दिवस दहा पावलं मागं, मग पाच, मग बरोबरीनं. आप्पांनी त्याला कधी हात लावला नाही. त्यांच्या मनात त्याचं नाव मात्र पडलं, मुक्कामी. रात्री जिथं थांबते तिथूनच पहाटे निघते, ती मुक्कामी गाडी.

बोगद्याच्या तोंडाशी मुक्कामी थांबायचा. नाक वर करून आतला वास घ्यायचा, कडेच्या दगडावर पाय वर करायचा आणि बसायचा. आप्पा पलीकडून परतले की उठायचा. "या पुढं तुझं परमिट नाही काय रे?" आप्पा एकदा म्हणाले. आज सकाळपासून आपण बोललेलं हे पहिलंच वाक्य, हे त्यांच्या लक्षात आलं.

संक्रांतीनंतर तीन दिवसांनी, 17 जानेवारीला, तो लंगडत आला. मागच्या पायात मांजा रुतला होता. आप्पा खाली बसले, दोन बोटांनी दोरा सोडवायला गेले. दोरा निघाला, पण त्या क्षणी मुक्कामीनं हात धरला आणि लगेच सोडला. तळहाताच्या कडेला दोन दातांच्या खुणा, थोडं रक्त. कुत्रा चार पावलं लांब जाऊन कान पाडून उभा राहिला.

घरी येऊन आप्पांनी हात धुतला, वर हळद दाबली आणि नऊच्या सुमारास सरकारी दवाखान्यात गेले. तिथं जखमेभोवती सिरम टोचलं, दोन्ही दंडांवर कातडीत लस दिली आणि कार्डावर तारखा लिहून दिल्या : 17, 20 आणि 24 जानेवारी, 14 फेब्रुवारी. "कुत्रा ओळखीचा आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. आप्पा जरा थांबले. "रोज बरोबर असतो." "मग दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. खातो का, पितो का, वागण्यात फरक पडतो का. गायब झाला तर येऊन सांगा."

त्या संध्याकाळी आप्पांनी माळ्यावरून कोरी नोंदवही काढली. पट्टीनं रकाने आखले. 18 जानेवारी : 5.50, हजर. लंगडतो. बिस्किट खाल्लं. बोगद्याशी थांबला. 19 जानेवारी : 5.48, हजर. पाणी प्यायला. 20 जानेवारी : 5.55, पाच मिनिटं उशीर (माझा).

23 तारखेला गिरणीच्या पायरीवर कोणी नव्हतं. आप्पा पंधरा मिनिटं थांबले. एवढा वेळ त्यांनी कधी कुठल्या गाडीलाही थांबू दिलं नव्हतं. मग एकटे बोगद्यापर्यंत गेले आणि न ओलांडता परतले. वहीत लिहिलं : गाडी आली नाही.

24 ला तिसरी लस घेताना सिस्टरांनी विचारलं, "कुत्रा आहे ना नजरेत?" "काल नव्हता. आजही नव्हता." "तुमचे डोस चालू आहेत, घाबरू नका." आप्पांना सांगावंसं वाटलं, की मी घाबरलोय ते माझ्यासाठी नाही. पण ते नुसतेच दंड चोळत उठले.

दुपारी, फिरायची वेळ नसताना, ते गिरणीच्या मागच्या बोळात शिरले. फाटक्या गोणपाटावर मुक्कामी पडला होता. पाय सुजून दुप्पट झालेला. आप्पांनी करवंटीत पाणी ओतून लांबूनच पुढं सरकवलं आणि श्वास धरून बघत राहिले. कुत्रा सरपटत आला आणि घटाघटा प्यायला. गल्लीतल्या एका पोरानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. पाय धुतला, इंजेक्शन दिलं. वही : 24 जानेवारी, दुपारी 2.10, हजर. पाणी प्यायला. पाणी प्यायला हे त्यांनी दोनदा लिहिलं.

रविवारी मुलीचा फोन आला. "जेवलात का?" "अगं, आधी ऐक तर," म्हणून आप्पांनी मांजापासून सुरुवात केली. फोन किती वेळ चालला ते त्यांना कळलं नाही.

27 जानेवारीला दहा दिवस पुरे झाले. आप्पांनी नोंदीखाली पट्टीनं दुहेरी रेघ मारली.

28 ला पावणेपाचला जाग आली. फिरून आल्यावर चहा टाकला, वही उघडली आणि दुहेरी रेघेखाली लिहिलं : 5.52, हजर. जरा लंगडतो. बोगद्याशी थांबला. परतीला सोबत.

आता प्रश्न. पहिला : कुत्रा रोज नेमक्या एका जागी थांबतो, हे पटतं का, की मी ते कथेच्या सोयीसाठी केलंय असं वाटतं? दुसरा : आधीच्या खर्ड्यात मुलगी आप्पांना आणि मुक्कामीला पुण्याला घेऊन जाते. तो शेवट मी काढला. ठेवायला हवा होता का?

टेकडीवाली

वहीची कल्पना फार आवडली. "पाच मिनिटं उशीर (माझा)" इथं मी थांबले आणि पुन्हा वाचलं. माणूस कसा आहे ते त्या कंसात सगळं आलंय.

बोगद्याचं मात्र मला पूर्ण पटलं नाही. मी पुण्यात वेताळ टेकडीवर रोज जाते. तिथला एक काळा कुत्रा लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूनं माझ्याबरोबर चढतो, खाणीपर्यंत येतो आणि कधी कधी पार पलीकडे उतरतो. त्याला कुठली हद्द आडवी आल्याचं मी पाहिलेलं नाही.

नवाभिडू

वाचून वाईट वाटलं. आप्पांची तब्येत आता कशी आहे? आणि कुत्र्याला कोणी घेतलं का? साताऱ्यात माझा मित्र आहे, तो रोज खायला घालू शकेल. गिरणी नक्की कुठं आहे ते सांगा.

पाणंदवाट

@नवाभिडू, ही कथा आहे हो, आप्पा माझ्या मनातले. पण तुम्ही मित्राला पाठवायला निघालात, हे मी जपून ठेवते. समर्थ मंदिराच्या परिसरात असे बरेच मुक्कामी असतील, मित्राला जरूर सांगा.

@टेकडीवाली, म्हणूनच विचारलं. मी साताऱ्यात माहेरी असताना एक कुत्री अशीच एका पुलाशी थांबायची. एकाच कुत्रीवरून लिहिलंय, त्यामुळे खात्री नव्हती.

गोठ्याकाठी

पशुसंवर्धन खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीच खेड्यापाड्यांत. त्यामुळे बोगद्याबद्दल बोलतो.

रस्त्यावरच्या कुत्र्याचा इलाका अन्नावर ठरतो. कुठल्या गल्लीत भाकरी मिळते, कुठं कचरा पडतो, कुठं मटणाचं दुकान आहे, त्याभोवती दोन-चार-सहा कुत्र्यांचा गट असतो आणि त्या गटाची कडा त्यांना पक्की माहीत असते. ती कडा बहुधा आपल्यालाही दिसेल अशा जागी असते : नाला, पूल, मोठा रस्ता, भिंत. बोगदा म्हणजे तर दारच. पलीकडचा गट त्या दाराशी रोज लघवीनं आपली खूण करणार, वाऱ्याबरोबर तो वास अलीकडं येणार. तुमच्या मुक्कामीनं नाक वर करून वास घेतला आणि मग दगडावर पाय वर केला, हा क्रम अगदी बरोबर लिहिलाय. वास वाचला, उत्तर ठेवलं, बसला. एकटा कुत्रा आत शिरला तर पलीकडं चार अंगावर येतील हे त्याला ठाऊक आहे. माणूस बरोबर असला तरी काही कुत्रे ती जोखीम घेत नाहीत.

टेकडीचं वेगळं. टेकडीवर घरं नाहीत, उकिरडे नाहीत, त्यामुळे तिथल्या जागेसाठी कुत्रे तेवढे भांडत नाहीत. हा माझा अंदाज आहे, तुमच्या काळ्याला मी ओळखत नाही.

आता एक खटकलं ते. हळद. चावल्यावर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा. विषाणू जखमेतच असतो, साबणानं तो मरतो आणि पाण्यानं वाहून जातो. हळद, चुना, मिरची, तेल यातलं काही लावायचं नाही. आणि आप्पा नऊ वाजेपर्यंत थांबले, तेही नको. लोक कथा वाचून शिकतात.

जुनाजाणता

गोठ्याकाठी, आमच्या वेळी तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. मी 1978 साली घेतली आहेत, वाईला. रोज सायकलवर डबलसीट घेऊन वडील न्यायचे. कथेत फक्त चारच तारखा बघून मला वाटलं लेखिकेनं बाकीच्या गाळल्या. पोटातली इंजेक्शनं लिहिली असती तर आप्पांचा त्रास जास्त पोचला असता.

गोठ्याकाठी

@जुनाजाणता, तुम्ही घेतलीत ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. 2004 नंतर ती आपल्याकडं बंद झाली. आताची लस दंडात देतात. कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28 वा दिवस, म्हणजे चार खेपा. स्नायूत दिली तर पाच, त्यात 14 वा दिवसही येतो. लेखिकेनं चावल्याचा दिवस शून्य धरून तारखा काढल्यात आणि त्या बरोबर जुळतात, मी बोटांवर मोजून पाहिलं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीनं आजही खेड्यात लोक दवाखान्यात जात नाहीत. म्हणून या कथेत चारच तारखा असणं मोलाचं आहे.

सह्यकडा

मला एक तांत्रिक चूक दिसते. कुत्र्याच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे. म्हणजे त्याची नसबंदी झाली आणि त्याच वेळी रेबीजची लसही दिली. मग आप्पांना सिरम, लस, दहा दिवसांची पाळत, कशाचीच गरज नव्हती. डॉक्टरांनी कान विचारायला हवा होता. तपशील एवढे जपलेत तर हाही जपा.

गोठ्याकाठी

अर्धं बरोबर आहे तुमचं. कान कापलेला म्हणजे शस्त्रक्रिया झाली, आणि त्या वेळी लस टोचलेली असते, हे खरं. पण ती कधी टोचली ते कानावर लिहिलेलं नसतं. वर्षभरानं पुन्हा द्यावी लागते आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला ती पुन्हा मिळतेच असं नाही. चार वर्षांपूर्वीचा कान आणि चार महिन्यांपूर्वीचा कान दिसायला सारखाच. म्हणून कान बघून माणसाची लस टाळायची नसते. रक्त आलेली जखम असेल तर सिरमही लागतंच.

दहा दिवस का, तेही सांगतो, कारण कथेचा सगळा कणा तोच आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसायच्या थोडेच दिवस आधी. एकदा लक्षणं दिसली की कुत्रा काही दिवसांतच मरतो. तेव्हा चावल्यानंतर दहाव्या दिवशी कुत्रा नीट खातपीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं. हे फक्त कुत्र्या-मांजरांना लागू, माकड चावलं तर नाही. आणि लस त्या निकालासाठी थांबवायची नसते. दोन्ही एकाच दिवशी सुरू.

आप्पांनी करवंटीतलं पाणी पिताना श्वास धरून पाहिलं, ते वाचताना मीही धरला होता. पिसाळलेल्याच्या घशाचे स्नायू लुळे पडतात, त्याला गिळता येत नाही. अशा कुत्र्याच्या जबड्यातून लाळ गळत राहते. घटाघटा पिणारा कुत्रा ही त्या दिवशीची सगळ्यात चांगली बातमी.

मीनलआई

कथा चांगली आहे हे आधी सांगते. पण वाचताना मला आत कुठंतरी त्रास होत होता, तोही सांगते.

माझ्या सात वर्षांच्या मुलाला मागच्या वर्षी सोसायटीच्या फाटकाशी कुत्रा चावला, पोटरीला. मांजा वगैरे काही नव्हतं. खाली पडलेला चेंडू उचलायला तो वाकला एवढंच. सिरम टोचताना त्याला आम्ही तिघांनी धरलं होतं. आजही तो दूध आणायला बरोबर येत नाही. फाटकाशी खायला घालणाऱ्या काकांना मी विनंती केली, तर ते मलाच "तुम्हाला माया नाही" म्हणाले. आप्पांना सोबत मिळाली, छान. पण त्याच गिरणीच्या बोळातून शाळेला जाणारं एखादं पोर असेल, ते कथेत कुठं आहे?

टेकडीवाली

मीनलआई, तुमचं म्हणणं मला टोचलं, कारण मीही टेकडीच्या पायथ्याशी खायला घालते. आमच्या गटानं यावर्षी जागा बदलली, फाटकापासून लांब, मुलांच्या शाळेच्या वेळा टाळून. कुत्र्यांसाठीचे 2023 चे नियमही असंच सांगतात : खायला घालायची जागा जिन्याशी, फाटकाशी, मुलं खेळतात तिथं नको. पण ती जागा शोधताना दोन महिने भांडणं झाली. ती कोणाच्यातरी घरासमोर येतेच.

पाणंदवाट

मीनलआई, तुमच्या मुलाला मी विसरणार नाही. कथेत एक पोर आहे, जो डॉक्टरांना फोन लावतो. त्याला मी नुसता "गल्लीतलं एक पोर" म्हणून सोडून दिलंय. तो आधी मुक्कामीला घाबरणारा, लांबून वळसा घालून जाणारा असू शकतो. तो कुत्र्याच्या जवळ न येता बोळाच्या तोंडाशी उभं राहूनच फोन लावेल. त्याची भीती मी कथेत घालवणार नाही.

गोठ्याकाठी, हळदीबद्दल विचार केला. आप्पांच्या वयाचा माणूस हळद लावणार, हे मला काढवत नाही. पण दवाखान्यात सिस्टर ती हळद बघून त्यांना नळाखाली उभं करतात आणि घड्याळाकडं बोट दाखवून पंधरा मिनिटं धुवायला लावतात, असं करते. वेळ पाळायचं सांगितल्यावर आप्पा ती बरोबर पाळतील.

कृष्णाकाठ

मी कराडचा, सध्या सिंगापूरला. वडील कराडला एकटे असतात. कृष्णा-कोयनेच्या संगमाकडं रोज फिरायला जातात, कुत्रा वगैरे नाही. कथा वाचून त्यांना फोन केला. नेहमीसारखं "जेवलात का" तोंडावर आलं होतं, ते गिळून विचारलं, की आज वाटेत कोण भेटलं. ते एक मिनिट गप्प राहिले. मग त्यांनी घाटावरच्या फुलवालीच्या नातवाचं बारसं सांगितलं. पुढं तिचं नाव, तिच्या सुनेचं माहेर, सगळं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत : पुण्याला नेऊ नका. आम्ही वडिलांना एकदा दोन महिने इकडं आणलं होतं. अकराव्या मजल्यावरून खाली बघत बसायचे. परत गेल्यावर चालायला लागले.

सह्यकडा

कानाचं कळलं, धन्यवाद. शेवटाबद्दल मी कृष्णाकाठशी सहमत नाही. आप्पा पासष्टीकडं चाललेत. उद्या पडले तर? मुक्कामी काय फोन लावणार आहे? मुलगी न्यायला तयार असेल तर कुत्र्यापायी थांबणं ही माया नाही, हट्ट आहे. आणि कुत्रा दत्तक घेता येतो की, पट्टा लावून न्यायचा.

गोठ्याकाठी

कायद्यानं नेता येईल. पण पाच-सहा वर्षं रस्त्यावर काढलेला कुत्रा फ्लॅटमध्ये कोंडला तर पहिले काही महिने दोघांचेही हाल. लिफ्टमध्ये शिरत नाही, पट्ट्याला मान ताणतो, खाली उतरवला तर तिथले कुत्रे धरतात. काही जुळवून घेतात, काही नाही. पिल्लू असतं तर वेगळं बोललो असतो. आप्पांनी जावं की नाही ते मी सांगू शकत नाही. माझीही मुलं बाहेर आहेत.

एक राहिलं. तुमची कथा 28 जानेवारीला संपते. कार्डावर 14 फेब्रुवारी आहे. कुत्रा ठणठणीत राहिला तर काही वेळा डॉक्टर शेवटचा डोस थांबवतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही. बहुतेक लोक कुत्रा बरा दिसला की चौथ्या खेपेला जातच नाहीत. आप्पा गेले का?

पाणंदवाट

गेले. 14 फेब्रुवारीला शनिवार होता, साडेनऊला रांगेत होते. ते लिहायचं राहिलं माझं. आज रात्री वहीत घालते.